रात्री घर किती थंड होऊ द्यावं?

ओटावा शहरात, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या आवारात दोन घरं शेजारी शेजारी उभी आहेत. दुमजली, बेसमेंट असलेली, तिथल्या कुठल्याही उपनगरात दिसतात तशीच. 1998 मध्ये ती अगदी एकासारखी एक बांधली गेली. भिंतींतलं इन्सुलेशन तेच, खिडक्या त्याच, गॅसची फर्नेसही तीच. या घरांत कुणी राहत नाही, तरी सकाळी ठरल्या वेळी दिवे लागतात, गरम पाणी वाहतं, शेगडी तापते आणि संध्याकाळी हे सगळं पुन्हा होतं. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं यांच्या अंगाची जेवढी ऊब घरात पसरली असती तेवढी देण्यासाठी विजेचे बल्ब ठेवले आहेत आणि तेही संगणकाच्या हुकमानं पेटतात-विझतात. दोन्ही घरांत रोज अगदी तेच घडतं. मग एका घरात एकच गोष्ट बदलायची आणि दुसरं घर आहे तसं ठेवायचं. गॅस आणि विजेच्या मीटरमध्ये जो फरक पडेल तो त्या एका बदलाचा.

थर्मोस्टॅटबद्दलचा जुना वाद निकालात काढायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. एका घराचा थर्मोस्टॅट चोवीस तास 22 अंश सेल्सिअसवर ठेवला. दुसऱ्यात तो रात्री 18 वर उतरवला आणि पहाटे पुन्हा 22 वर आणला. पूर्ण हिवाळ्याचा हिशेब मांडला तेव्हा गॅसमध्ये सुमारे साडेसहा टक्के बचत दिसली. रात्रीबरोबर दिवसाही, घरातली माणसं कामावर-शाळेत गेलेली असतात त्या वेळी 18 केलं, तर बचत दहा टक्क्यांच्या आसपास गेली. दोन्ही वेळा 16 पर्यंत उतरवलं तेव्हा ती तेरा टक्क्यांच्या जवळ पोचली. अमेरिकेचं ऊर्जा खातंही याच पट्ट्यातला आकडा सांगतं. रोज आठ तास तापमान चार ते साडेपाच अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाकाठी दहा टक्क्यांपर्यंत खर्च वाचू शकतो, असं त्याचं म्हणणं आहे.

वाद कशाचा होता? टोरोंटो, ब्रॅम्प्टन किंवा न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घरात जानेवारीत हा विषय काढा, कुणीतरी हमखास सांगेल की रात्री घर थंड होऊ दिलं तर सकाळी ते पुन्हा तापवायला फर्नेस इतकी धडधडते की वाचलेलं सगळं वसूल होतं. त्यापेक्षा एकाच तापमानावर ठेवलेलं बरं. पहाटे फर्नेस तासभर न थांबता चालताना ऐकली की हे खरं वाटतं. गॅसच्या फर्नेसपुरतं तरी ते चूक आहे, आणि का चूक आहे हे कळलं की वेळापत्रक कसं लावायचं हेही आपोआप कळतं.

बुडाशी बारीक भोक पडलेला रांजण घ्या. पाणी जितकं वर, तितकी गळती जोरात. पातळी खाली गेली की गळती मंदावते. रात्री रांजण अर्ध्यावर येऊ दिला आणि सकाळी पुन्हा भरला, तर सकाळी बरंच पाणी ओतावं लागतं हे खरं. पण ते पाणी म्हणजे रात्री जे ओतलंच नाही तेच आहे. त्याशिवाय पातळी खाली होती तेवढा वेळ गळती कमी झाली, तेवढं पाणी निव्वळ वाचलं. घराच्या बाबतीत पाण्याच्या जागी उष्णता आणि पातळीच्या जागी आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक धरायचा. पहाटेची धडधड ही रात्रीच्या विश्रांतीची परतफेड असते, दंड नव्हे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बचत किती होणार हे घर किती अंश खाली गेलं आणि किती तास खाली राहिलं यावर ठरतं. अर्धा तास बाहेर जाताना थर्मोस्टॅट उतरवला तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, कारण घर तेवढ्या वेळात थंडच होत नाही. दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. ज्या घराला उत्तम इन्सुलेशन आहे ते रात्रीत जेमतेम दोन अंश उतरतं, म्हणून त्याला रात्रीच्या सेटबॅकचा फायदा कमी. जुनं, फटींतून वारा येणारं घर झपाट्यानं थंड होतं आणि बचतही तिथंच जास्त दिसते. नव्या घरात थर्मोस्टॅट रात्री 18 वर ठेवला काय आणि 14 वर ठेवला काय, सकाळपर्यंत घर 18 च्या वरच असेल तर दोन्हींत काहीच फरक नाही.

आता एक घर घेऊन हिशेब करून पाहू. घर कल्पनेतलं आहे, पण ओंटारिओत अशी पुष्कळ आहेत. मध्यम आकार, तीसेक वर्षांचं वय, गॅसची फर्नेस. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की त्यातून तासाला पाव युनिट उष्णता बाहेर जाते, असं धरू. विजेच्या बिलातलं युनिट तेच इथं उष्णतेलाही लावलं आहे, म्हणजे तुलना सोपी जाईल. बाहेर उणे 9, आत 21. फरक 30 अंशांचा, म्हणजे तासाला साडेसात युनिट गळती, दिवसाला 180. यातली तीसेक युनिटं माणसं, स्वयंपाक, दिवे आणि उन्हातून फुकट मिळतात. उरलेली दीडशे फर्नेसनं द्यायची.

रात्री साडेदहाला थर्मोस्टॅट 17 वर येतो. फर्नेस बंद होते आणि घर तासाला साधारण दीड अंशानं उतरू लागतं. दीडच्या सुमारास ते 17 वर पोचतं. पुढे फर्नेस अधूनमधून चालू होऊन ते तिथं धरून ठेवते. साडेचारला ती जोरात सुरू होते आणि सहा वाजता घर पुन्हा 21 वर येतं. या साडेसात तासांतली सगळी घट जमेला धरली तर पाच युनिटांहून थोडी जास्त उष्णता वाचली. दिवसा साडेआठ ते पाच घर रिकामं असेल आणि तेव्हाही 17 ठेवलं तर आणखी सहा युनिटं. एकूण अकरा-साडेअकरा, म्हणजे फर्नेसच्या दीडशेतला साडेसात टक्क्यांचा वाटा आणि गॅसच्या भाषेत एक घनमीटरहून थोडं जास्त.

कडाक्याच्या दिवसाचा हा हिशेब आहे. मार्चमध्ये बाहेर 3 अंश असताना घर सावकाश उतरतं, त्यामुळे वाचलेली युनिटं थोडी कमी भरतात, पण फर्नेसचं एकूण कामच निम्म्यावर आलेलं असतं. त्यामुळे टक्केवारी वाढते. पूर्ण हंगामाची सरासरी कडाक्याच्या दिवसापेक्षा चांगली येते ती यामुळे. फेब्रुवारीतलं एक बिल पाहून 'काही फरक पडत नाही' असं ठरवणारे लोक इथं फसतात.

हे झालं गॅसचं. पण आकडे कितीही चांगले असले तरी पहाटे अंथरुणातून उठताना हुडहुडी भरली तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी थर्मोस्टॅटवरचा बाण दाबून वेळापत्रक मोडणार, आणि ते योग्यच आहे. 2 फेब्रुवारी 1977 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी कार्डिगन घालून टीव्हीवर आले होते. नैसर्गिक वायूचा तुटवडा होता. घरात दिवसा 65 आणि रात्री 55 अंश फॅरनहाइट ठेवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. सेल्सिअसमध्ये ते सुमारे 18 आणि 13 होतात. तेव्हापासून तिथल्या बऱ्याच लोकांच्या मनात ऊर्जा वाचवणं आणि स्वेटर घालून कुडकुडणं यांची सांगड बसली. चांगल्या वेळापत्रकाला कुडकुडण्याची गरज पडत नाही. तापमान उतरलेलं असतं तेव्हा माणूस रजईत असतो किंवा घरातच नसतो. अडचण फक्त सीमेवरच्या तासांत येते, झोपण्याआधीच्या आणि उठतानाच्या, आणि खरं कौशल्य लागतं ते तिथं.

झोपतानाची बाजू सोपी आहे. फर्नेस बंद झाल्याबरोबर घर थंड पडत नाही, म्हणून रात्रीचं तापमान झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधीच लावता येतं. शेवटचा माणूस साडेदहाला दिवा मालवत असेल तर पावणेदहाला थर्मोस्टॅट उतरवला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती पाऊण तासाची बचत फुकटची.

सकाळ अवघड. इथं थर्मोस्टॅटवरचा आकडा पूर्ण खरं सांगत नाही. थर्मोस्टॅट हवेचं तापमान मोजतो. माणसाच्या अंगाला मात्र हवेइतकाच भिंतींचा, खिडक्यांचा आणि जमिनीचा थंडावा जाणवतो, कारण शरीर आपली उष्णता त्या थंड पृष्ठभागांकडे फेकत असतं. फर्नेस हवा पटकन तापवते, भिंती आणि फरशी मागून येतात. त्यामुळे घड्याळात सहा आणि थर्मोस्टॅटवर 21 दिसत असूनही स्वयंपाकघरातल्या टाइलवर अनवाणी उभं राहिलेल्या बाईला गारठा वाजतो. यावर उपाय आकडा 23 करण्याचा नाही. घर उठण्याच्या वेळेआधी वीस-तीस मिनिटं 21 वर येईल असं पाहिलं की भिंतींना तेवढा वेळ मिळतो. आणि तरीही गारठा जाणवत असेल तर सेटबॅकच खोल आहे, तो एका अंशानं वर घ्यावा. चार अंशांऐवजी तीन अंशांनी बचत पाऊणपट होते, पण टिकते.

याच ठिकाणी स्मार्ट थर्मोस्टॅटची एक सोय लोकांना चकवते. जुन्या प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटमध्ये 'सहा वाजता 21' याचा अर्थ 'सहा वाजता फर्नेस सुरू कर' असा होता. घर तापेपर्यंत साडेसात वाजत. म्हणून जाणते लोक तिथं साडेचार लावायचे. आताचे बरेच थर्मोस्टॅट 'सहा वाजता 21' याचा अर्थ 'सहा वाजता घर 21 वर असलं पाहिजे' असा घेतात. आपलं घर किती वेगानं तापतं हे ते काही दिवसांत शिकतात, बाहेरचं तापमान पाहतात आणि त्या हिशेबानं स्वतःच आधी सुरुवात करतात. टोरोंटोच्या इकोबीच्या थर्मोस्टॅटवर या सोयीचं नाव Smart Recovery आहे, गुगलच्या नेस्टवर Early-On. ही सोय चालू असताना कुणी जुन्या सवयीनं साडेचार लावले तर फर्नेस तीनलाच पेटते आणि साडेचारपासून घर रिकाम्या सोफ्यांसाठी उबदार राहतं. रात्रीच्या बचतीतला पावहून जास्त वाटा तिथं संपतो. मेन्यूत जाऊन ही सोय चालू आहे की बंद, हे एकदा पाहायचं. चालू असेल तर घर ऊबदार हवं ती खरी वेळ लिहायची, बंद असेल तर तास-दीड तास आधीची.

कुटुंब कसं आहे यावर बाकीचं ठरतं. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत हिवाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून आलेले असतात. नवरा-बायको कामावर, मुलं शाळेत, पण घर रिकामं नसतं. आजी पहाटे पाचला उठते, अंघोळ करून देवापुढे बसते. आजोबा दुपारी सोफ्यावर पेपर वाचता वाचता डुलकी काढतात. अशा घरात दिवसाचा सेटबॅक सरळ काढून टाकावा आणि सकाळची वेळ आजीच्या उठण्याला जुळवावी. थंड प्रदेशातल्या घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत 18 अंश ही आतल्या तापमानाची सुरक्षित खालची पातळी सांगितली आहे, आणि वृद्ध, लहान मुलं, जुने आजारी यांना याहून जास्त ऊब लागू शकते असंही म्हटलं आहे. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असूनही मुलाचं बिल वाढेल म्हणून तो बोलत नाही, हे मराठी घरात सहज घडतं. त्याला विचारूनच आकडा ठरवावा. रात्रीचा दोन अंशांचा उतार त्या घराला पुरे.

अशा घरात आणखी एक घोटाळा होतो. हालचाल टिपणारा सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटमध्येच असतो आणि थर्मोस्टॅट खालच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये. दोघांचे फोन घराबाहेर गेले आणि पॅसेजमधून दोन तास कुणी गेलं नाही की थर्मोस्टॅट घर रिकामं समजून तापमान उतरवतो. वरच्या खोलीत आजी शाल गुंडाळून बसलेली असते आणि घर थंड का पडलं हे तिला कळत नाही. अनेक थर्मोस्टॅटना खोलीत ठेवायचे वेगळे छोटे सेन्सर जोडता येतात. एक सेन्सर आजीच्या खोलीत ठेवला आणि दिवसाच्या वेळेसाठी तो निवडला तर हे टळतं. नाहीतर आपोआप रिकामं समजण्याची ती सोय त्या महिन्यांपुरती बंद करावी.

थर्मोस्टॅट खुद्द कुठं बसवला आहे यावरही पुष्कळ काही अवलंबून असतं. त्याच्यामागे भिंतीतून तारा येण्याचं भोक असतं. जुन्या घरात त्या भोकातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट सेन्सरवर येते. थर्मोस्टॅट 19 दाखवतो, खोली प्रत्यक्षात 21 असते, फर्नेस उगाच चालत राहते. दुपारी ऊन थेट त्याच्यावर येत असेल तर नेमकं उलटं होतं. शेजारी साधा थर्मामीटर तासभर टांगून ठेवला की खरं-खोटं कळतं. भोक पुट्टीनं बुजवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते झाल्याशिवाय वेळापत्रकाला हात लावण्यात अर्थ नाही.

वेळापत्रकं फसतात ती बहुतेक वेळा भौतिकशास्त्रामुळे नाही, बटणांमुळे. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अॅलन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 च्या सुमारास लोकांना आपल्या थर्मोस्टॅटचे फोटो पाठवायला सांगितले. पाचातल्या एका थर्मोस्टॅटवरची वेळच चुकीची होती आणि जवळजवळ निम्मे कायमच्या Hold वर होते. म्हणजे वेळापत्रक आत लिहिलेलं, पण ते पाळू नकोस असा हुकूम दिलेला. प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटनं प्रत्यक्षात बचत होतेच असं दिसेना, म्हणून अमेरिकेच्या एनर्जी स्टार योजनेनं 2009 च्या अखेरीस त्यांना शिक्का देणं थांबवलं. पुढे 2017 मध्ये स्मार्ट थर्मोस्टॅटसाठी नवा शिक्का आला, तो घरांतली प्रत्यक्ष आकडेवारी कंपनीनं दाखवली तरच मिळतो. एनर्जी स्टार आता तापवण्या-थंड करण्याच्या बिलात सरासरी आठ टक्के बचत सांगते.

Hold चा इलाज सेटिंगमध्येच असतो. हातानं केलेला बदल किती वेळ टिकावा हे तिथं निवडता येतं. 'पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत' असं निवडलं की पाहुणे आले म्हणून वाढवलेलं तापमान रात्री साडेदहाला आपोआप वेळापत्रकावर परततं. 'मी बदलेपर्यंत' असं निवडलेलं असेल तर ते एप्रिलपर्यंत तिथंच राहतं.

आतापर्यंतचं सगळं गॅसच्या फर्नेसला लागू आहे. घरात हीट पंप असेल तर हिशेब बदलतो, आणि कॅनडा-अमेरिकेत हीट पंप वाढत चालल्यामुळे हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून आत आणतो, म्हणून एक युनिट विजेत अडीच-तीन युनिटं उष्णता देतो. बाहेर गारठा वाढेल तसं हे प्रमाण घटत जातं. कडाक्याच्या थंडीसाठी किंवा घाईच्या वेळेसाठी त्याच्या जोडीला विजेच्या तापणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. थर्मोस्टॅटवर त्या चालू झाल्या की Aux Heat असं दिसतं. त्या एक युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतात. गोची इथं आहे. रात्रभर चार अंश उतरलेलं घर पहाटे दीड तासात वर आणायचं म्हटलं की एकट्या पंपाला ते झेपत नाही. थर्मोस्टॅटला अंतर मोठं दिसतं आणि तो पट्ट्यांना हाक मारतो.

वरच्याच घरात फर्नेसच्या जागी हीट पंप ठेवून पाहा. रात्रीच्या सेटबॅकनं पाच युनिटं उष्णता वाचली. पंप एकाला अडीच देत असेल तर वीज वाचली दोन युनिटं. पहाटे घर चार अंश वर आणायला, भिंती-फर्निचरसकट, वीसेक युनिटं उष्णता लागते. त्यातली फक्त पाच युनिटं जरी पट्ट्यांनी दिली तरी पंपाला जिथं दोन युनिट वीज लागली असती तिथं पाच गेली. तीन युनिटं जास्तीची. रात्रभर थंडीत काढून सकाळी एक युनिट तोटा.

म्हणून हीट पंपाच्या घरात कडाक्याच्या दिवसांत तापमान स्थिर ठेवणं किंवा फार तर एक-दीड अंश उतरवणं हेच शहाणपणाचं. जे शेजारच्या फर्नेसवाल्या घरात चूक होतं ते इथं बरोबर ठरतं, आणि एकाच गल्लीतले दोन शेजारी आपापल्या अनुभवावरून परस्परविरुद्ध सल्ले देतात ते यामुळे. आधुनिक इन्व्हर्टर पंप मंद गतीनं अखंड चालताना सर्वांत काटकसरीनं चालतो, त्याला घाईला लावू नये हे आणखी एक कारण.

हीट पंप असूनही खोल सेटबॅक हवाच असेल तर पट्ट्यांना लगाम घालावा लागतो. बाहेर अमुक तापमानाच्या वर असताना पट्ट्या लावायच्याच नाहीत, असं बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये सांगता येतं. इकोबीत ती जागा Aux Heat Max Outdoor Temp या नावानं आहे. ही मर्यादा उणे पाचच्या आसपास ठेवली तर सौम्य थंडीच्या पहाटे पंप एकटाच सावकाश घर वर आणतो. सुरुवात अर्थात तासभर आधी करावी लागते. नेमका आकडा पंपाच्या ताकदीवर आणि घरावर अवलंबून असल्यानं बसवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारूनच तो बदलावा. पट्ट्या किती चालल्या हे थर्मोस्टॅटच्या नोंदीत दिसतं. वीज कंपनी तासवार वापर दाखवत असेल तर तिथंही पहाटे पाच-सहाच्या दरम्यान एकदम उंच गेलेला खांब त्यांचीच खूण सांगतो.

जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवून तापवलेल्या घरांनाही रात्रीचा सेटबॅक फारसा मानवत नाही. काँक्रीटचा तो थर उतरायला काही तास घेतो आणि चढायलाही. रात्री अकराला दिलेला हुकूम पहाटे कुठं जाणवू लागतो, तोवर उठायची वेळ झालेली असते. तिथं आठवडाभर गावाला जातानाच तापमान उतरवावं.

गावाला जातानाही एका मर्यादेखाली जायचं नाही. घर 13 अंशांच्या खाली नेलं की बाहेरच्या भिंतींतले, सिंकखालच्या कपाटातले नळ गोठण्याचा धोका सुरू होतो, कारण थर्मोस्टॅटजवळ 13 असतं तेव्हा त्या कोपऱ्यात त्याहून पुष्कळ कमी असतं. फुटलेला नळ दहा हिवाळ्यांची बचत एका रात्रीत घेऊन जातो. रोजच्या सेटबॅकमध्ये वेगळी गोष्ट पाहायची असते. घर उतरलं की खिडकीची काच आणखी गार होते आणि आतली दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या झालेल्या, मुलांच्या अंघोळी झालेल्या घरात सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं दिसलं, चौकटीत काळपट बुरशी धरू लागली, तर रात्रीचं तापमान एक-दोन अंशांनी वर घ्यावं आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावावा.

उन्हाळ्याचं गणित ओटावाच्या त्या जुळ्या घरांनी सांगितलं ते महाराष्ट्रातल्या वाचकालाही उपयोगाचं आहे. तिथं दिवसा माणसं बाहेर असताना एसीचं तापमान 22 वरून 25 वर नेलं तेव्हा विजेत सुमारे अकरा टक्के बचत झाली. पण वेळापत्रक वगैरे काही न करता चोवीस तास 22 ऐवजी 24 ठेवलं तेव्हा ती तेवीस टक्क्यांच्या आसपास गेली. हिवाळ्यात आत-बाहेरचा फरक तीस अंशांचा असतो, त्यातले दोन अंश म्हणजे थोडे. उन्हाळ्यात फरकच आठ-दहा अंशांचा, तिथं दोन अंशांना मोठं वजन येतं. पुण्या-मुंबईत मे महिन्यात बंद खोलीतला एसी हेच गणित पाळतो. भारतात 2020 पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी सुरू होताना 24 वर यावेत असा नियम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या शिफारशीवरून लागू झाला आणि तापमान एक अंश वाढवल्यानं सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतो. आपल्याकडे घरभर एक थर्मोस्टॅट नसतो, रिमोट असतो. रात्री 24 वर लावून 'स्लीप' चं बटण दाबलं की बहुतेक एसी पुढच्या काही तासांत आकडा हळूहळू एक-दोन अंशांनी वर नेतात. पहाटे अंगाला तेवढी थंडाई लागतही नाही. सोबत छताचा पंखा मंद चालू ठेवला तर 26 सुद्धा सोसतं. मुंबईच्या दमट हवेत मात्र 28 वर ठेवून भागत नाही, कारण कॉम्प्रेसर इतका कमी चालतो की हवेतला ओलावा काढलाच जात नाही आणि अंग चिकट राहतं.

आपल्या घरात वेळापत्रक खरंच काम करतंय का हे पाहायला जुळं घर लागत नाही, पण फक्त दोन महिन्यांची बिलं शेजारी ठेवूनही कळत नाही, कारण एक महिना दुसऱ्यापेक्षा थंड असतो. त्याऐवजी एक आठवडा स्थिर तापमान आणि एक आठवडा वेळापत्रक असं आलटून पालटून सहा-आठ आठवडे ठेवावं. दर रविवारी रात्री गॅस किंवा विजेचं मीटर वाचावं आणि त्या आठवड्यातल्या रोजच्या बाहेरच्या सरासरी तापमानाची नोंद ठेवावी. ती हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. दररोज 18 मधून ती सरासरी वजा करायची आणि सात दिवसांची बेरीज करायची. आठवड्याचा वापर या बेरजेनं भागला की थंडी कमी-जास्त असण्याचा परिणाम बराचसा निघून जातो आणि आठवड्यांची तुलना करता येते. वेळापत्रकाच्या आठवड्यांत हा भागाकार पाच ते दहा टक्क्यांनी कमी येत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. काहीच फरक नसेल तर आधी Hold पाहायचा, मग सकाळची वेळ, आणि हीट पंप असेल तर Aux Heat चे तास.